रशियन भूतकाळ मराठीत सगळा 'करत होता' होतोय? आधी हे तपासा

रशियनमधून मराठीत आणलेल्या कथा, आठवणी आणि पत्रं यांचे कच्चे मसुदे मी बरीच वर्षं तपासते आहे. अनुवाद करणारे वेगवेगळे असतात, मजकूर वेगळे असतात, पण एक चूक जवळजवळ प्रत्येक मसुद्यात भेटते आणि ती क्रियापदांच्या जोड्यांमधून येते. रशियनमध्ये बहुतेक क्रियांना दोन क्रियापदं असतात, एक अपूर्ण आणि एक पूर्ण: चितात् आणि प्रचितात् (वाचणे), अत्क्रिवात् आणि अत्क्रीत् (उघडणे). ही जोडी मराठीत कशी उतरवायची, इथे गाडी अडते. खाली फक्त भूतकाळापुरतं लिहिलं आहे, कारण नव्वद टक्के दुरुस्त्या मला तिथेच कराव्या लागतात. रशियन शब्द साधारण उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत.

लक्षणं

रशियन मूळ बाजूला ठेवा आणि फक्त मराठी वाचा. एका पानावर 'येत होता, शोधत होती, सांगत होते' अशी 'त होता'ची रांग लागली असेल, तर हे पहिलं लक्षण. दुसरं याच्या उलट: साध्या घटनांनाही 'उठला होता, उघडली होती, निघाला होता' असं शेपूट लागलेलं असतं आणि सगळी कथा आधीच घडून गेल्यासारखी वाटते. तिसरं, वाक्य स्वतःलाच खोडतं: 'तो परीक्षा पास होत होता, पण पास झाला नाही.' चौथं लक्षण पकडायला जरा अवघड, कारण त्यात मराठी अगदी सहज वाटतं. प्रत्येक पूर्ण क्रियापदाला 'टाकलं' जोडलेलं असतं: वाचून टाकलं, लिहून टाकलं, सांगून टाकलं.

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचे तपास क्रमाने करा. पहिल्याला दोन मिनिटं लागतात. शेवटच्याला कोश आणि कधीकधी दुसरा माणूस लागतो.

तपास १: नावाने फसवलंय का?

हा सगळ्यात स्वस्त तपास, आणि निम्मे मसुदे इथेच सुधारतात. रशियन व्याकरणात या दोन रूपांची नावं सवेर्शेन्नी आणि नेसवेर्शेन्नी अशी आहेत. आपण ती 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' अशी मराठीत घेतली. पण शाळेच्या मराठी व्याकरणात 'अपूर्ण भूतकाळ' म्हणजे 'करत होता' आणि 'पूर्ण भूतकाळ' म्हणजे 'केला होता' हे आधीच पाठ झालेलं असतं. मग हात आपोआप एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जातो. अपूर्ण दिसलं की 'करत होता', पूर्ण दिसलं की 'केला होता'.

नावं सारखी आहेत, काम सारखं नाही. रशियन पूर्ण क्रियापद एवढंच सांगतं की क्रिया तिच्या शेवटापर्यंत पोचली, तडीस गेली. मराठीत ते काम साधा भूतकाळ करतो: 'त्याने खिडकी उघडली.' आपलं 'उघडली होती' मात्र आणखी काहीतरी सांगतं. ती क्रिया आणखी एखाद्या गोष्टीच्या आधीची आहे, किंवा तिचा परिणाम आता उरलेला नाही.

दुसरीकडे, रशियन अपूर्ण क्रियापद म्हणजे 'अर्धवट राहिलेलं' असं मुळीच नाही. ते फक्त शेवटाबद्दल बोलत नाही. क्रिया चालू होती, नेहमी व्हायची, एकदा होऊन गेली, नुसता प्रयत्न होता, यातलं काहीही त्यात बसू शकतं. म्हणजे रशियनच्या एका रूपासाठी मराठीत निदान चार वाटा आहेत:

चालू होतं: मी आत आलो तेव्हा तो वाचत होता.
सवय होती: संध्याकाळी तो मोठ्याने वाचायचा. (जुन्या वळणाच्या मजकुरात 'वाचत असे'.)
अनुभव आहे: हे पुस्तक मी वाचलं आहे.
होऊन गेलं, उलटलं: खिडकी कोणीतरी उघडली होती.

मसुद्यातल्या प्रत्येक 'त होता'वर बोट ठेवून एवढंच विचारा: या क्षणी वाचकाला ती क्रिया चालू असताना दिसायला हवी आहे का? दिसायला हवी असेल तर राहू द्या. नसेल तर वरच्या दुसऱ्या तीन वाटांपैकी एक घ्यायची आहे.

तपास २: वाक्यातले काळाचे शब्द

मूळ वाक्य पुन्हा उघडा आणि क्रियापद सोडून आजूबाजूला बघा. फ्सिग्दा (नेहमी), चास्ता (बरेचदा), काझ्दी द्येन (दररोज), अबीच्ना (सहसा) यांपैकी काही असेल तर प्रश्नच मिटला, मराठीत '-यचा, -यची' लावा. 'तो दररोज दूध आणत होता' हे चुकीचं नाही, पण 'आणायचा' म्हटलं की सवय लगेच ऐकू येते.

कालावधी कसा सांगितलाय तेही पाहा. नुसतं 'द्वा चिसा' म्हणजे दोन तास, आणि त्याच्यासोबत अपूर्ण क्रियापद येतं: दोन तास वाचत होतो, दोन तास वाचलं. त्याआधी 'झा' आलं, म्हणजे 'झा द्वा चिसा', की अर्थ होतो दोन तासांत, आणि सोबत पूर्ण क्रियापद येतं: दोन तासांत वाचून काढलं. हा फरक मराठी प्रत्ययाने दाखवते. 'तास' आणि 'तासांत' यांतला एक 'त' अनुवादात गळला तर जोडी सांभाळायची संधीही गेली.

तपास ३: खिडकी आता उघडी आहे की बंद?

या तपासावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक वाचकाला कळत नाही. मराठी वाक्य बरोबर वाटतं, अर्थ मात्र उलटा असतो.

थंडीत कोणीतरी खोलीत येतं आणि विचारतं: 'क्तो अत्क्रील अक्नो?' पूर्ण क्रियापद आहे. खिडकी आत्ता उघडी आहे आणि वारा आत येतोय. मराठीत: 'खिडकी कोणी उघडली?' किंवा बोलीत 'उघडलीय कोणी?' आता तोच माणूस विचारतो: 'क्तो अत्क्रिवाल अक्नो?' अपूर्ण. खिडकी आत्ता बंद आहे, पण खोली गार पडली आहे. कोणीतरी मधे ती उघडली आणि पुन्हा लावली. मराठीत: 'खिडकी कोणी उघडली होती?'

इथे नावं चक्क उलटी बसतात. रशियन अपूर्ण मराठीच्या पूर्ण भूतकाळात जातं आणि रशियन पूर्ण साध्या भूतकाळात. 'खिडकी कोण उघडत होतं?' असं लिहिलं तर वाचकाला खिडकीशी झटणारा माणूस दिसतो, आणि मुळात तर तो नाहीच.

येणं-जाणं, घेणं-देणं, उघडणं-लावणं, चढणं-उतरणं अशा क्रियांमध्ये हे सारखं घडतं, कारण त्यांचा परिणाम उलटवता येतो. 'प्रिखदील' म्हणजे आला आणि गेलाही. 'प्रिशोल' म्हणजे आला आणि इथे आहे. यासाठी मराठीकडे इतकी नेमकी सोय आहे की ती कुणी वापरली नाही तर मला वाईट वाटतं: पहिल्याला 'येऊन गेला', दुसऱ्याला 'आलाय'. त्याच धर्तीवर 'ब्राल' म्हणजे पुस्तक नेलं होतं, परत आणून दिलं, आणि 'व्झ्याल' म्हणजे नेलंय, त्याच्याकडेच आहे. 'खदील' हेही असंच: 'काल मी नाटकाला खदील' म्हणजे 'काल मी नाटकाला जाऊन आलो' किंवा 'गेलो होतो'. 'जात होतो' कधीच नाही.

पुस्तकाबद्दलचा प्रश्नही याच पोटातला. 'ती चिताल एतु क्नीगू?' म्हणजे 'हे पुस्तक तू वाचलं आहेस का?', नुसता अनुभव विचारलाय. 'ती प्रचिताल एतु क्नीगू?' म्हणजे 'वाचून झालं का?' विचारणाऱ्याला माहीत आहे की तू ते वाचायला घेतलं होतंस, आणि कदाचित त्याला ते परत हवंय. 'वाचून झालं' ही रचना पूर्ण क्रियापदासाठी फार उपयोगी आहे, आणि मसुद्यांमध्ये ती फार कमी सापडते.

तपास ४: वाक्य स्वतःला खोडतंय का?

एकाच वाक्यात जोडीतली दोन्ही क्रियापदं आली की सावध व्हा. रशियन असं बरेचदा करतं: अपूर्ण म्हणजे प्रयत्न, पूर्ण म्हणजे यश. 'ओन झ्दवाल एग्झामेन, नो ने झ्दाल.' मराठीत एकाच धातूने हे बांधायला गेलात तर 'पास होत होता, पण पास झाला नाही' असलं काहीतरी हाती लागतं. दोन धातू घ्या: 'त्याने परीक्षा दिली, पण पास झाला नाही.'

मराठीत अशा जोड्या तयारच आहेत, फक्त त्या एका नोंदीखाली सापडत नाहीत. रिशाल म्हणजे गणित सोडवत होता, रिशील म्हणजे सुटलं. इस्काल म्हणजे शोधलं, नशोल म्हणजे सापडलं. (रशियनमध्येही ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, पण काम जोडीचंच करतात.) उगवारिवल म्हणजे समजावत राहिला, उगवरील म्हणजे तयार केलं. पनिमाल म्हणजे कळत होतं, पोन्यल म्हणजे कळलं. सोडवणे-सुटणे, पटवणे-पटणे, शोधणे-सापडणे, मिळवणे-मिळणे: यांतलं पहिलं क्रियापद माणसाच्या हातातलं, दुसरं घडून येणारं. रशियन जिथे उपसर्ग किंवा प्रत्यय बदलतं, तिथे मराठी कर्त्याकडून वस्तूकडे वळते. हे लक्षात घेतलं की 'दोन तास गणित सोडवत होता, पण सुटलं नाही' हे वाक्य आपोआप येतं.

तपास ५: 'नाही' असलेली वाक्यं

नकारात फरक बारीक होतो, म्हणून हा तपास जरा मागे ठेवलाय. 'ओन ने पझ्वनील', पूर्ण: फोन यायचा होता, वाट पाहत होतो, त्याने केला नाही. 'ओन ने झ्वनील', अपूर्ण: फोन असा आलाच नाही, तसं काही घडलंच नाही. मराठीत हा फरक क्रियापदापेक्षा 'च' आणि शब्दांच्या क्रमावर जास्त उभा राहतो. पहिल्यासाठी 'त्याने फोन केला नाही' किंवा 'फोन करायचा राहिला' असं लिहिते, दुसऱ्यासाठी 'त्याचा फोन आलाच नाही'. पण 'च' प्रत्येक ठिकाणी चिकटवू नका. आधीच्या वाक्यांत अपेक्षा आहे की नाही हे पाहूनच ठरवा.

तपास ६: ही खरंच जोडी आहे का?

आता कोश काढा. रशियन-रशियन कोशात प्रत्येक क्रियापदापुढे सोव. किंवा नेसोव. अशी खूण असते. ती पाहायची, आणि जोडीदार म्हणून काय दिलंय तेही पाहायचं. उपसर्ग लागलेलं प्रत्येक क्रियापद मूळ क्रियापदाचा जोडीदार नसतं. पिसात् (लिहिणे) याचा जोडीदार नपिसात्. पण पिरिपिसात् म्हणजे पुन्हा लिहून काढणे, तो वेगळाच अर्थ आहे, आणि त्याचा स्वतःचा अपूर्ण जोडीदार पिरिपीसिवत् आहे.

सगळ्यात जास्त घात करतात ते 'प' आणि 'प्र'. पचिताल आणि प्रचिताल यांत एका 'र'चा फरक. दोन्ही पूर्ण क्रियापदं, पण पचिताल म्हणजे थोडा वेळ वाचलं आणि ठेवून दिलं. 'त्याने पुस्तक वाचून संपवलं' असं चुकून लिहिलं तर पुढच्या पानावर तेच पुस्तक अर्धवट उघडं पडलेलं दिसतं आणि वाचक गोंधळतो. तसंच 'झ'चं: झप्येल म्हणजे 'गाऊ लागला', 'गाणं संपवलं' नव्हे.

'टाकलं'चा रोगही याच वेळी बरा करायचा. मराठी सहायक क्रियापदं क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतातच, पण सोबत बोलणाऱ्याचं मनही सांगतात. 'सांगून टाकलं' म्हणजे मनात ठेवलं नाही, 'सांगून बसला' म्हणजे नंतर पस्तावला, 'सांगून ठेवलं' म्हणजे पुढची तजवीज केली. रशियन 'स्कझाल' यातलं काहीच म्हणत नाही. ते फक्त 'सांगितलं' आहे. म्हणून पूर्ण क्रियापदासाठी पहिली पसंती साध्या भूतकाळाला. शेवटावर खरोखर जोर असेल तर 'लिहून झालं', 'वाचून संपवलं'. 'टाकलं' तेव्हाच, जेव्हा पात्राच्या मनातही 'एकदाचं झालं' असतं.

एक नमुना, सुरुवातीपासून

सरावासाठी मी हा छोटा उतारा देते: 'फ्चिरा झखदील ससेद. ओन दोल्गा इस्काल क्ल्युची, नो ने नशोल. मी उगवारिवली यिवो अस्तात्सा, नो ने उगवरीली. ओन व्झ्याल फनार इ उशोल. उत्रम मी उविदिली: क्तो-ता अत्क्रिवाल अक्नो, ना पदाकोन्निके लिझाल स्न्येक.'

पहिला मसुदा साधारण असा येतो: 'काल शेजारी येत होता. तो बराच वेळ किल्ल्या शोधत होता, पण शोधल्या नाहीत. आम्ही त्याला राहायला समजावत होतो, पण समजावलं नाही. त्याने कंदील घेतला होता आणि निघाला होता. सकाळी आम्ही पाहिलं: कोणीतरी खिडकी उघडत होतं, कठड्यावर बर्फ पडत होता.'

आता तपास लावू. 'झखदील' म्हणजे डोकावून गेला, शेजारी आता इथे नाही, म्हणून 'येऊन गेला'. इस्काल-नशोल ही प्रयत्न-यशाची जोडी, म्हणून शोधणे आणि सापडणे. 'दोल्गा' आहे म्हणून 'बराच वेळ' आलं, त्यामुळे 'शोधत होता' चालेल, पण पाठोपाठ 'समजावत होतो' आलं की रांग लागते, म्हणून इथे साधा भूतकाळ. 'उगवारिवली' दुसरी जोडी, 'आग्रह केला' आणि 'राहिला नाही'. 'व्झ्याल' आणि 'उशोल' एकापाठोपाठ घडलेल्या घटना, तिथे 'होता'ला जागाच नाही. शेवटच्या ओळीत दोन अपूर्ण क्रियापदं शेजारी आहेत आणि दोघांचा अर्थ वेगळा. खिडकी उघडून पुन्हा लावली गेली, पण बर्फ तिथेच आहे, पडून राहिलेला. 'लिझाल'ला उलटण्यासारखं काही नाही, ती नुसती स्थिती आहे.

'काल शेजारी येऊन गेला. त्याने बराच वेळ किल्ल्या शोधल्या, पण सापडल्या नाहीत. राहा म्हणून आम्ही खूप आग्रह केला, पण तो राहिला नाही. कंदील घेतला आणि निघून गेला. सकाळी आमच्या लक्षात आलं: कोणीतरी खिडकी उघडली होती, कठड्यावर बर्फ साचला होता.'

पूर्ण उताऱ्यात एकही 'त होता' उरला नाही. प्रत्येक उताऱ्यात असं होईल असं नाही, पण इथे त्याची गरज नव्हती.

कुठे थांबायचं

काही क्रियापदं दोन्ही कामं करतात: झिनीत्सा (पुरुषाने लग्न करणे), इस्स्लेदवत् (संशोधन करणे). कोशात दोन्ही खुणा असतात आणि निर्णय फक्त संदर्भातून होतो. आजूबाजूची दोन-तीन वाक्यं वाचूनही ठरत नसेल तर अंदाज लिहू नका, समासात खूण करून पुढे जा.

कायद्याचं कागदपत्र असेल तर पहिल्या तपासालाही बसू नका, थेट व्यावसायिक अनुवादकाकडे द्या. जबाबात 'या ने पत्पीसिवल दगवोर' असेल तर माणूस म्हणतोय की या करारावर मी सही केलेलीच नाही, म्हणजे सही कुणा दुसऱ्याची. 'या ने पत्पिसाल दगवोर' म्हणजे सही करायची होती, पण मी केली नाही. पहिलं बनावट सहीचा आरोप आहे, दुसरं नकाराची कबुली. मराठीत 'मी करारावर सही केली नाही' या एका वाक्यात दोन्ही बुडतात, आणि त्याची किंमत जबाब देणाऱ्याला मोजावी लागते.

कथा-कादंबरीत सहाही तपास करून दोन अर्थ शिल्लक राहिले, तर रशियन मातृभाषा असलेल्या माणसाला विचारा. मात्र 'हे रूप का वापरलंय' असं विचारू नका. रशियन बोलणारा ते रूप न विचारता निवडतो आणि नियम सांगायला गेला की अडखळतो. त्याला ते वाक्य वाचायला द्या आणि विचारा: हे वाक्य संपतं तेव्हा खिडकी उघडी आहे की बंद? शेजारी अजून घरात आहे का? उत्तर लगेच येतं, आणि त्या उत्तराचं मराठी तुम्हाला करता येतं.